बॅटरीचं कार्ड, दोन दसरे आणि मल्लूचा हिशोब

परवा बेळगावातल्या शहापूरच्या कट्ट्यावर चहा हातात घेऊन एवढी वादावादी झाली की चहावाल्या मामांनी दोनदा येऊन आवाज कमी करा म्हणून सांगितलं. विषय काय, तर संत्याच्या इन्व्हर्टरची बॅटरी. १५० एएच ट्युब्युलर, ५ ऑक्टोबर २०२२ ला म्हणजे ऐन दसऱ्याला घेतलेली. कार्डावर छापलंय की पहिले ३६ महिने बॅटरी गेली तर फुकट बदलून, पुढचे २४ महिने प्रो-राटा, म्हणजे नव्या बॅटरीवर नुसती सूट. आणि दुकानदार म्हणतोय, फुकट मिळणार नाही, तुमची तीन वर्षं संपली.

संत्या तापलेलाच होता. "लुटूलालाय रे तो सरळ सरळ, कन्झ्युमर कोर्टात खेचतो त्याला."

मल्लू मूळचा गोकाककडचा, चार वर्षं एका बॅटरीच्या दुकानात काउंटरवर होता, त्यामुळे तो दुकानदाराची बाजू घेणार हे सगळ्यांना माहीत होतं. तो म्हणाला, "खेच की, पण आधी सांग, तो नाही कशाकशासाठी म्हणाला? एकच कारण दिलं का चार?"

हा प्रश्न मला आवडला, कारण आपण सगळे 'नाही म्हणाला' एवढंच धरून बसतो. संत्याने सांगितलं ते असं, की कार्डावर शिक्का नाही, बॅटरीवरच्या कोडप्रमाणे ती जून २०२२ ची आहे म्हणून तीन वर्षं जूनमध्येच संपली, तुम्ही बॅटरी आणली ७ ऑक्टोबर २०२५ ला म्हणजे विक्रीपासून धरलं तरी उशीर, आणि वरून पाणी कमी होतं, म्हणजे चूक तुमची. एका दमात चार कारणं. काका (कोर्टात शिरस्तेदार होते, आता रिटायर) हसले आणि म्हणाले, "चार कारणं देणाऱ्याचा एकावरही भरवसा नसतो बघ, पण प्रत्येक वेगळं तपासायला लागतं."

आधी शिक्का. शिक्का मारायचं काम गिऱ्हाईकाचं नाही, दुकानाचं. संत्याकडे जीएसटीचं बिल आहे आणि नशीब म्हणजे त्या बिलावर बॅटरीचा सिरियल नंबर लिहिलाय, तोच नंबर बॅटरीवर कोरलेला आहे. मग त्याच दुकानाने स्वतः शिक्का मारायचा विसरून 'शिक्का नाही' म्हणणं म्हणजे काय! मल्लूने इथे मान्य केलं पण आत काय चालतं ते सांगितलं. दुकान विक्रीची नोंद कंपनीकडे करतं, ॲपवर नंबर स्कॅन करून किंवा कार्डाचा भाग पाठवून. ती नोंद झाली नाही की कंपनीच्या लेखी बॅटरी कधी विकली गेली तेच कळत नाही, मग ते बनवल्याच्या तारखेपासून मोजतात. म्हणजे जून २०२२ हा आकडा दुकानदाराने मनातून काढला नाही, सिस्टीममध्ये खरंच तसं दिसत असणार. पण कार्डावरच लिहिलंय की वॉरंटी विक्रीच्या तारखेपासून, आणि विक्रीची तारीख दाखवायला बिल आहे. नोंद दुकानाने केली नाही तर ती भांडणं दुकान आणि कंपनीची, त्यात संत्याचे चार महिने कशाला जातील?

"बिलावर नंबर नसता तर?" मी विचारलं.

"मग अवघड होतं," मल्लू. "कारण मग जुनं बिल आणि दुसरीच बॅटरी घेऊन येणारे पण असतात री, आम्ही बघितलेत. दुकानाने बॅटरी बदलून दिली आणि नंतर कंपनीने क्लेम रिजेक्ट केला तर नवी बॅटरी दुकानाच्या अंगावर पडते. म्हणून दुकानदार घाबरतात, सगळे चोर नसतात."

आता उशीर. ५ ऑक्टोबर २०२२ पासून ३६ महिने म्हणजे ४ ऑक्टोबर २०२५ पर्यंत. संत्याने बॅटरी नेली ७ ला. तीन दिवस. इथे सगळे गप्प झाले, कारण तारीख तारीख असते. पण संत्याने फोन काढला. २७ सप्टेंबरला त्याने दुकानाला व्हॉट्सॲपवर लिहिलं होतं की बॅकअप तीन तासाचा वीस मिनिटावर आलाय, बॅटरी बघा, आणि दुकानाचं उत्तर होतं 'दसरा होऊ दे मग आणा'. त्या वर्षी दसरा होता २ ऑक्टोबरला! काका उठूनच उभे राहिले. म्हणाले, मोजायचं असतं तक्रार कधी केली ते, दुकानात ओझं कधी उतरलं ते नाही, आणि थांबायला त्यानेच सांगितलंय. तो मेसेज डिलीट करू नको, फोन बदलला तरी तो फोन ठेव, नुसता स्क्रीनशॉट दाखवला तर समोरचा म्हणेल बनवलाय.

पाण्यावर मात्र खरी जुंपली, आणि मला विचाराल तर तिथे दुकानदाराच्या म्हणण्यात थोडा दम होता. इरफान इन्व्हर्टर दुरुस्त करतो, त्याने सरळ विचारलं, "पाणी कसलं घालत होतास?" संत्या आधी बाटलीचं म्हणाला, मग हळूच म्हणाला की मागच्या उन्हाळ्यात एकदा बोअरचं घातलंय, बाटली संपली होती. झालं. मल्लूने टाळी मारली, कार्डावर स्पष्ट लिहिलेलं असतं की डिस्टिल्ड वॉटरच, नाहीतर वॉरंटी रद्द.

इरफानने दोघांनाही थांबवलं. त्याचं म्हणणं असं की बारा व्होल्टच्या बॅटरीत सहा सेल असतात, प्रत्येकाला वेगळं झाकण, आणि बॅटरी कशाने मेली ते सहा सेलचे आकडे शेजारी शेजारी ठेवले की बऱ्यापैकी कळतं. हायड्रोमीटर म्हणजे ती रबरी फुग्याची काचेची नळी, ॲसिड ओढून घेतलं की आतला तराफा किती वर तरंगतो त्यावरून ग्रॅव्हिटी, म्हणजे ॲसिड किती दाट आहे ते कळते. पाणी आटू दिलं, बोअरचं घातलं, किंवा इन्व्हर्टरच नीट चार्ज करत नाही, यातलं काहीही असेल तर त्रास बहुतेक सगळ्या सेलना होतो, आकडे सगळीकडेच बिघडतात. पण पाच सेल ठणठणीत आणि एकच झोपलेला असेल तर आत प्लेटा शॉर्ट झाल्यात किंवा जोड तुटलाय, ते पाण्याने सहसा होत नाही, तो बनावटीतला दोष.

"दुकानात मोजलं की," संत्या म्हणाला. दुकानातल्या पोराने कागदावर लिहून दिलं होतं, सहाही सेल ११५० च्या आसपास. म्हणजे १.१५०, हे लोक पॉइंट बोलत नाहीत. मल्लू लगेच म्हणाला, बघा, सगळेच खाली.

"कधी मोजलं? पाणी घातल्यावर की आधी?"

घातल्यावर. आधी पातळी खाली होती म्हणून त्याने पाणी टाकलं आणि लगेच नळी घातली. इरफानने कपाळाला हात लावला. ताजं पाणी हलकं, ते वरच राहतं, ॲसिड खाली, आणि नळी तर वरचंच ओढते, मग आकडा कमीच येणार की सगळ्यांचा! आधी पूर्ण चार्ज करायची, काही तास शांत ठेवायची, मग मोजायचं, नाहीतर त्या आकड्याला काही किंमत नाही.

मग त्या रात्री बॅटरी इरफानच्या दुकानात चार्जिंगला गेली आणि दुसऱ्या संध्याकाळी आम्ही सगळे तिथेच जमलो (चहा तिकडे मागवला). पाच सेल १२२० ते १२३५ मध्ये, म्हणजे ठणठणीत. चौथा सेल १११०. मल्टीमीटरवर १०.६ व्होल्ट, जिथे साडेबारा-पावणेतेरा असायला पाहिजे. प्रत्येक सेलचे दोन-सव्वादोन व्होल्ट धरा, एक मेला की एवढेच कमी होतात. मल्लूने स्वतः नळी धरून परत बघितलं, चौथा तसाच.

"बोअरच्या पाण्याचं काय मग?" मी विचारलं, कारण ते अजून लटकत होतंच.

इरफान म्हणाला, ते चुकीचंच आहे, आणि सहाही सेल खाली असते तर मी संत्याला घरी जा म्हटलं असतं. पण त्याने सहाही झाकणांत तेच पाणी घातलं, मग पाच कसे जिवंत राहिले? काकांचं मत थोडं वेगळं पडलं, ते म्हणाले कार्डावरची अट मोडली एवढ्यावरच कंपनी भांडू शकते, पण कोर्टात विचारतील की बिघाड त्या अटीमुळेच झाला का, आणि तिथे हा चौथा सेल कामी येतो.

तरी मल्लू शेवटचा डाव टाकून गेला. "एवढं कशाला, प्रो-राटा घे आणि सोड." कार्डावर ३७व्या महिन्यापासून ३० टक्के सूट आहे, ऐकायला बरं वाटतं. पण ती सूट छापील एमआरपीवर, म्हणजे आजच्या वीस हजारावर, हातात पडते चौदा हजाराला. तीच बॅटरी बाजारात कुणीही १४,८०० ला देतो, आणि जुनी दिली की भंगाराचे साडेतीन हजार कमी करतो, म्हणजे ११,३०० च. प्रो-राटात जुनी बॅटरी कंपनी नेते, भंगाराचं काही नाही. म्हणजे वॉरंटी वापरून संत्या २,७०० रुपये जास्त देणार! हे गणित मल्लूनेच टिशूवर करून दाखवलं आणि स्वतःच हसायला लागला, म्हणाला काउंटरवर आम्ही हे कधी सांगत नव्हतो.

मग ठरलं ते असं. दुकानाशी तोंडी भांडायचं नाही, कंपनीच्या कस्टमर केअरला लेखी तक्रार करायची, बिल, सिरियल नंबर, २७ तारखेचा मेसेज आणि सहा सेलचे आकडे जोडून, आणि तक्रार नंबर घ्यायचा. नाही म्हणायचं असेल तर कारण लिहून द्या म्हणायचं. दाद नाही दिली तर ग्राहकांची १९१५ हेल्पलाइन, ती फक्त कंपनीला विचारते, हुकूम देऊ शकत नाही. त्यापुढे बेळगावातलाच जिल्हा ग्राहक आयोग, पाच लाखापर्यंतच्या खरेदीला फी नाही, कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत, आणि काकांनी बजावलं की दुकान आणि कंपनी दोघांनाही पार्टी करायचं, नाहीतर एकजण दुसऱ्याकडे बोट दाखवत बसतो.

तिथवर जायला लागलं नाही. कंपनीचा माणूस आला, चार्ज करून त्यानेही मोजलं, चौथा सेल लिहून घेतला आणि बॅटरी बदलून मिळाली. संत्या पेढे घेऊन आला तेव्हा मल्लूने नवं कार्ड मागितलं. नवं कार्ड नाहीच. बदलून दिलेल्या बॅटरीला जुन्याच कार्डाची उरलेली मुदत, म्हणजे फुकटचा काळ संपलेला, पुढे फक्त प्रो-राटा, तेही ऑक्टोबर २०२७ पर्यंत. संत्या परत तापला, ही पण लुटालूट म्हणाला. या वेळी मात्र काका, इरफान, मल्लू सगळे एका बाजूला, कारण ते कार्डाच्या मागे बारीक अक्षरात छापलेलंच होतं. नवा सिरियल नंबर जुन्या कार्डावर लिहून शिक्का मारून आणलास का, असं इरफानने विचारलं. नव्हता आणला. पेढे अर्धे ठेवून संत्या तसाच गाडीवर बसून दुकानाकडे गेला.