हार्ड कार्बनमधील भोके आणि पहिल्या चक्रात गेलेले सोडियम

«सोडियमचा आयन मोठा असतो, म्हणून तो ग्रॅफाइटच्या थरांत शिरत नाही. हार्ड कार्बन हा भोकांचा कोळसा आहे. भोके जितकी मोकळी आणि जास्त, तितके सोडियम जास्त साठते. पहिल्या चार्जमध्ये गेलेली क्षमता पुढच्या चार-पाच चक्रांत परत येते.»

सोडियम-आयन बॅटरीच्या ऋण इलेक्ट्रोडसाठी वापरल्या जाणाऱ्या हार्ड कार्बनबद्दलचा हा मजकूर माझ्या भाचीच्या प्रकल्पगटात फिरला आणि त्यावर विसंबून तिने चांगला हार्ड कार्बन पोटॅशियम हायड्रॉक्साइडबरोबर तापवून त्याची भोके वाढवली. तीन आठवड्यांनंतर तिच्या सेलने पहिल्या चक्रात घेतलेल्या प्रभारापैकी निम्म्याहून कमी परत दिला. म्हणून हे लिहिणे मला भाग पडले.

आकाराचा मुद्दा एका उदाहरणाने निकालात निघतो. पोटॅशियमचा आयन सोडियमपेक्षाही मोठा आहे, तरीही तो ग्रॅफाइटमध्ये सहज शिरून KC₈ तयार करतो. खरी अडचण ऊर्जेची आहे. गोडार्ड आणि सहकाऱ्यांनी २०१६ साली पीएनएएस या विज्ञानपत्रिकेत गणिताने दाखवले की सीझियमकडून सोडियमकडे येताना धातूच्या अणूचा इलेक्ट्रॉन सोडवणे महाग होत जाते आणि कार्बनशी असलेली त्याची बांधणी सैल पडत जाते. लिथियम मात्र इतका लहान आहे की कार्बनशी होणाऱ्या घट्ट जोडणीने तो ही तूट भरून काढतो. सोडियमला तेही साधत नाही. त्यामुळे थरांत बसण्यापेक्षा धातू म्हणून राहणेच त्याला स्वस्त पडते. डायग्लाइमसारख्या ईथर द्रावकात सोडियम ग्रॅफाइटमध्ये जातो, हे मात्र मान्य करावे लागेल; पण तेव्हा तो द्रावकाचे रेणू सोबत घेऊन जातो, थर कित्येक पटींनी फाकतात आणि क्षमता दर ग्रॅमला शंभर मिलिअँपिअर-तासांच्या आसपास अडकते.

सर्वांत घातक आहे तो भोकांचा मुद्दा, कारण त्यात मोकळी भोके आणि बंद भोके यांची सरमिसळ झालेली आहे. स्टीव्हन्स आणि डान यांनी २००० साली ग्लुकोजपासून बनवलेल्या हार्ड कार्बनमध्ये दर ग्रॅमला सुमारे ३०० मिलिअँपिअर-तास मिळवले आणि त्याची रचना अस्ताव्यस्त टाकलेल्या पत्त्यांसारखी असल्याचे मांडले. सोडियम भरताना मिळणाऱ्या व्होल्टेज-वक्राचा उतरता भाग आणि ०.१ व्होल्टखालचा सपाट भाग हे वेगळे असतात. सपाट भागात सोडियम मुख्यतः पत्त्यांमधील बंद पोकळ्यांत गोळा होतो, असे आज बहुतेक अभ्यासक मानतात. या पोकळ्यांपर्यंत सोडियम कार्बनच्या भिंतीतून पोहोचतो, इलेक्ट्रोलाइट पोहोचत नाही. मोकळ्या भोकात मात्र इलेक्ट्रोलाइट शिरतो आणि कमी व्होल्टेजवर भोकाच्या प्रत्येक भिंतीवर त्याचे विघटन होऊन एसईआय नावाचा घन थर बसतो, ज्यात सोडियम कायमचे अडकते. पोटॅशियम हायड्रॉक्साइड बंद पोकळ्या फोडून त्यांना मोकळे करते. म्हणजे साठवणीची जागा घटते आणि नुकसानीचा पृष्ठभाग वाढतो. हे ओळखण्यासाठी पहिल्या चक्राचा वक्र पाहावा: कार्बोनेट द्रावकात सुमारे १ ते ०.५ व्होल्टच्या दरम्यान दिसणारा आणि दुसऱ्या चक्रात नाहीसा होणारा खांदा हा बहुधा या विघटनाचा असतो. पृष्ठभागावरील ऑक्सिजनयुक्त गट आणि दोषस्थळे यांतही थोडे सोडियम अडकून राहते. म्हणूनच कार्बन अधिक तापमानाला, साधारण १३०० ते १४०० अंश सेल्सिअसला भाजतात, जेणेकरून मोकळी भोके मिटतात आणि दोष कमी होतात. पण त्याहून फार वर गेल्यास थर जवळ येऊ लागतात आणि सोडियमला शिरणे अवघड होते, म्हणून तापमान बेछूट वाढवता येत नाही.

पहिल्या चक्रानंतर कार्यक्षमता, म्हणजे घातलेल्या प्रभारापैकी परत मिळणारा भाग, ९९ टक्क्यांच्या पुढे जाते, हे खरे आहे. पण त्याचा अर्थ नवे नुकसान थांबले एवढाच होतो. एसईआयमध्ये बांधलेले सोडियम परत येत नाही. प्रयोगशाळेतील अर्धसेलमध्ये समोर सोडियम धातूचा न संपणारा साठा असल्यामुळे ही तूट झाकली जाते. पूर्ण सेलमध्ये ती समोरचा, सोडियम पुरवणारा कॅथोड भरतो. कार्बनची परत मिळणारी क्षमता दर ग्रॅमला ३०० आणि पहिल्या चक्राची कार्यक्षमता ८० टक्के धरली, तर पहिल्या चार्जला ३७५ मिलिअँपिअर-तास लागतात. ग्रॅमला १२० देणारा कॅथोड असेल, तर गेलेल्या ७५ साठी दर ग्रॅम कार्बनमागे ०.६२ ग्रॅम कॅथोड पहिल्याच दिवशी निरुपयोगी वजन बनतो आणि सेलच्या आयुष्यभर तसाच राहतो. कार्यक्षमता ९० टक्के झाली की हेच वजन ०.२८ ग्रॅमवर येते. भाचीने आता तो भोके पाडलेला कार्बन बाजूला ठेवून मूळच्या नमुन्याची भाजणी १४०० अंशांवर पुन्हा लावली आहे.