दहा मीटरमध्ये तीन खिडक्यांचे पडदे होत नाहीत

"पडद्याच्या कापडाचा सोपा हिशोब: सगळ्या खिडक्यांच्या रुंदीची बेरीज करा, दुप्पट करा, तेवढं कापड घ्या. अस्तर त्याच्या निम्मं पुरतं. शिलाई खिडकीमागे धरा. रॉड खिडकीच्या मापाचा आणा."

हा मजकूर वर्षभर फिरतोय. मीही वाचून सोडून दिला होता. गेल्या महिन्यात माझ्या ताईने त्याच्या भरवशावर दहा मीटर कापड फाडून आणलं आणि शिंप्याने ते मोजून परत तिच्या हातात दिलं, तेव्हा मात्र राहवेना.

या हिशोबात खिडकीची उंचीच नाही! चार फुटांची खिडकी असो की जमिनीपर्यंतचं सात फुटी दार, उत्तर तेवढंच येणार. दुकानातलं पडद्याचं कापड बहुतेक 48 किंवा 54 इंच पन्ह्याचं असतं. पडद्यात पन्हा आडवा जातो आणि मीटरवर विकत घेतलेली लांबी उभी जाते. म्हणून रुंदीवरून आधी पट्टे किती ते काढायचं आणि मग पट्ट्याच्या उंचीने गुणायचं.

ताईचंच घर घ्या. हॉलची खिडकी सहा फुटी, दोन बेडरूमच्या पाच-पाच फुटी. बेरीज सोळा, दुप्पट बत्तीस फूट, म्हणजे पावणेदहा मीटर. म्हणून तिने दहा घेतलं. आता शिंपी कसं मोजतो ते बघा. रॉड दोन्ही बाजूंना सहा-सहा इंच बाहेर हवा, म्हणजे हॉलचा रॉड 84 इंच. रिंगांच्या पडद्याला चुण्या नीट पडायला निदान दुप्पट कापड लागतं: 168 इंच. 48 इंची पन्ह्याच्या बाजू दुमडून हातात 45 राहतात. 168 भागिले 45 म्हणजे पावणेचारच्या आसपास, म्हणून चार पट्टे. बेडरूमचा रॉड 72 इंच, तिथे सव्वातीनच्या आत उत्तर येतं. तीन पट्टे थोडे कमी पडतात, आणि पडदा मधून दोन्हीकडे सरकवायचा तर दोन्ही बाजूंना सारखे पट्टे हवेत, म्हणून तिथेही चार. एकूण बारा पट्टे.

खिडकी चार फूट उंच असली तरी पडदा वर-खाली थोडा जास्त हवा, म्हणून तयार उंची पाच फूट. वरची रिंगांची पट्टी आणि खालची दुमड यांसाठी आणखी एक फूट. सहा फूट म्हणजे 1.83 मीटर. बारा पट्ट्यांना 22 मीटर लागतात. दहा मीटरमध्ये पाचच पट्टे निघतात.

त्यात मोठी नक्षी असेल तर ती सगळ्या पट्ट्यांवर एकाच उंचीवर आली पाहिजे. नमुन्याच्या पुस्तकात कापडामागे चिकटवलेलं लेबल वाचा, पन्हा आणि नक्षी किती सेंटिमीटरवर परत येते हे दोन्ही त्यावर लिहिलेलं असतं. या वादात तेवढा एक पुरावा पुरेसा आहे. नक्षी 64 सेंटिमीटरवर परत येत असेल तर पट्टा 183 ऐवजी 192 सेंटिमीटरचा कापावा लागतो आणि 22 मीटरचे 23 होतात.

"कमी पडलं तर परत आणू" हे सगळ्यात महागात पडतं. ताई पुन्हा दुकानात गेली तेव्हा पहिला ताका संपला होता. दुसऱ्या ताक्याचा तुकडा दुकानातल्या दिव्याखाली तोच वाटला. घरी खिडकीत पहिल्याच्या शेजारी धरला तर करडा रंग निळसर दिसत होता. कापड रंगवण्याची खेप बदलली की असं होतं, आणि कापलेलं कापड दुकानदार परत घेत नाही. शेवटी पहिल्या कापडाचे चार पट्टे हॉलला लावले आणि दोन्ही बेडरूमसाठी नव्या ताक्यातून आठ पट्टे, पावणेपंधरा मीटर, घेतले. एका खोलीत दोन ताके मिसळले नाहीत म्हणून निभावलं. पाचवा पट्टा पडून आहे.

एक गोष्ट मान्य करावी लागेल. 280 ते 300 सेंटिमीटर पन्ह्याचं झिरझिरीत कापड मिळतं, ते आडवं वापरतात. पडद्याची उंची पन्ह्यातच बसते, त्यामुळे तिथे रुंदीची दुप्पट हा हिशोब चालतो. तीही खिडकीची नव्हे, रॉडची रुंदी. पण मजकुरात या कापडाचं नावही नाही.

अस्तर निम्मं कसं पुरेल? ते प्रत्येक पट्ट्यामागे पूर्ण लागतं. उंचीत थोडं आखूड चालतं, त्यामुळे त्याच पन्ह्याचं घेतलं तर 22 च्या जागी वीसेक मीटर. शिलाई पट्ट्यामागे असते. ताईच्या शिंप्याने दीडशे रुपये सांगितले, अस्तरासह अडीचशे. खिडकीमागे धरून तिने साडेचारशे बाजूला ठेवले होते. बिनअस्तराचीच शिलाई अठराशे झाली. रिंगा त्यात धरल्या आहेत का, हे आधी विचारून घ्या.

खिडकीच्या मापाचा रॉड आणला की पडदा उघडल्यावर चुण्यांचा गठ्ठा काचेवरच राहतो आणि कडेने ऊन आत येतं. सात फुटी रॉडला मधला ब्रॅकेटही घ्या, अस्तराच्या वजनाने रॉड तिथेच वाकतो. पडदा मधून दुभागलेला असला तर रिंगा त्या ब्रॅकेटला अडत नाहीत.