एकच रेंज, एकच शीट : हे गणित का चुकते

«वेगवेगळ्या लॅबचे रिपोर्ट एका शीटमध्ये घेताना सगळे आकडे एका एककात आणा आणि प्रत्येक चाचणीला एकच नॉर्मल रेंज लावा. एकक आधीच सारखे असेल, तर काहीच करायला नको. रेंजबाहेरचे आकडे लाल करा, तुलना आपोआप बरोबर होते.»

या सल्ल्यातले आधी एककाचे पाहू. एका लॅबने मार्चमध्ये ‘बीयूएन १४ मिग्रॅ/डेसिलिटर’ छापले आणि दुसऱ्या लॅबने जूनमध्ये ‘युरिया ३० मिग्रॅ/डेसिलिटर’. एकक तंतोतंत सारखे असल्याने दोन्ही आकडे एकाच स्तंभात जातात आणि तीन महिन्यांत युरिया दुपटीहून वाढल्याचे दिसते. प्रत्यक्षात काहीच वाढलेले नसते, कारण बीयूएनमध्ये युरियातील फक्त नायट्रोजन मोजलेला असतो. युरियाचा रेणुभार ६०, त्यातील नायट्रोजनचा वाटा २८, म्हणून बीयूएनला २.१४ ने गुणले की युरिया मिळतो : १४ चे ३०. शरीरातील पाणी कमी झाल्यावर युरिया खरोखरच एकटा वाढू शकतो, त्यामुळे क्रिएटिनिन ही मूत्रपिंडाची दुसरी चाचणी स्थिर आहे, एवढ्यावरून नोंद चुकल्याचे सिद्ध होत नाही. उडी नेमकी लॅब बदलल्याच्या तारखेला आणि साधारण २.१४ पटीची असेल, तर मात्र चाचणीचे नाव पुन्हा वाचावे.

रेंजचा प्रश्न याहून अवघड आहे, कारण तिथे कोणताही गुणक कामाला येत नाही. एसजीपीटी हे यकृताचे एन्झाइम मोजताना काही लॅबच्या रीएजंटमध्ये, म्हणजे चाचणीच्या रसायनात, बी-६ जीवनसत्त्वाचे सक्रिय रूप मिसळलेले असते, काहींच्या नसते. ते असले की तोच नमुना सहसा अधिक आकडा देतो, आणि किती अधिक, हे रुग्णाच्या शरीरातील बी-६ वरही अवलंबून असते. समजा, पहिल्या लॅबचा आकडा ३८ आणि तिची वरची मर्यादा ३५, तर दुसरीचा आकडा ४४ आणि मर्यादा ५०. यांवर सरसकट ४० ची मर्यादा लावली, की पहिला निर्धोक ठरतो आणि दुसरा लाल होतो. दोन्ही निकाल उलटे. (असे शीट घेऊन डॉक्टरांकडे जाण्यापेक्षा कागदांची पिशवी बरी.) त्याऐवजी प्रत्येक ओळीत त्या लॅबच्या मर्यादा, मूळ आकडा आणि मूळ एकक जपावे, व एकक बदलले तर मर्यादाही त्याच गुणकाने बदलाव्यात. यकृताच्या एन्झाइमांसाठी आकड्याला वरच्या मर्यादेने भागून पाहता येते : ३८ भागिले ३५ म्हणजे १.०९, ४४ भागिले ५० म्हणजे ०.८८. अर्थात मर्यादा ठरवण्याच्या लॅबच्या पद्धतीही वेगळ्या असल्याने हे भागाकार ढोबळच समजावेत.

एक बाब मात्र मान्य केली पाहिजे. एचबीए१सीवरून मधुमेहाचे निदान करण्यासाठी ६.५ टक्के ही सर्वमान्य सीमा आहे, आणि या चाचणीची मोजणी प्रमाणित केलेली असल्याने तिथे सर्व ओळींना एकच सीमा लावणे योग्य ठरते.