कॉफी सामाईक, चोथा ज्याचा त्याचा

फ्लॅटमध्ये एस्प्रेसो मशीन आलं की पंधरा दिवसांत खर्चाच्या नि वापराच्या नियमांची चिठ्ठी येतेच. आधी ती फ्रिजवर लागते, मग ग्रुपवर तिचा फोटो पडतो, मग फोटोला अंगठा देऊन सगळे झोपतात. ही चिठ्ठी लिहायची वेळ आता तुमच्यावर आलेली दिसते. येणारच होती. मशीन तुमचं, दिवसाला तीन डबल शॉट पिणारे तुम्ही, आणि बिया संपल्या की सुतकी चेहरा करणारेही तुम्हीच. तेव्हा वाघोलीतल्या चौघांच्या फ्लॅटमध्ये दोन वर्षं मुरलेल्या माणसाचं जरा ऐका.

पहिलं म्हणजे, सुरुवात पैशाने करू नका. बाबा बुदनांपासून करा. त्यांनी येमेनहून सात बिया लपवून आणल्या आणि चिकमगळूरच्या डोंगरात लावल्या अशी आख्यायिका आहे, ती सविस्तर सांगा. मग डोंगराची उंची, मग सावलीतली झाडं. हे वाचता वाचता माणूस दमतो आणि रकमेपर्यंत पोचेस्तोवर त्याची भांडायची ताकद संपलेली असते. बाबांनी बिया फुकट आणल्या होत्या, हे मात्र कुणाच्या लक्षात येऊ देऊ नका.

आता बजेट. इथे एकच शब्द वापरायचा: समान. ‘खर्च चौघांत समान.’ या शब्दाला विरोध करणारा माणूस आपोआप कंजूस ठरतो. त्याची ताकद कळावी म्हणून आमचा एक महिना मांडून दाखवतो.

मी दिवसाला तीन, म्हणजे महिन्याला ९० शॉट. नागपूरकर अमेरिकेच्या घड्याळावर काम करतो, त्याच्या रोज दोन, दुधाच्या, झाल्या ६०. सांगलीकर शनिवार-रविवार एकेक, तीही दुधाचीच, ८. नगरकर हा चहाचा माणूस. त्याच्या महिन्यात २, त्याही मी ‘अरे, घेऊन तर बघ’ म्हणून हातात कोंबलेल्या. एकूण १६० कप. कॉफीची पूड भरायच्या आमच्या जाळीत एका डबल शॉटला १८ ग्रॅम कॉफी बसते, म्हणजे २,८८० ग्रॅम. दळण जुळवताना बेसिनमध्ये ओतली गेलेली १२० ग्रॅम त्यात मिळवा, की झाले तीन किलो. पाव किलोची बारा पाकिटं, पाचशेच्या भावाने सहा हजार रुपये.

समान वाटणीत प्रत्येकी १,५००. ऐकायला किती सात्त्विक वाटतं! पण कपाचा हिशेब काढला तर १६० कपांना सहा हजार, म्हणजे कप साडेसदतीस रुपयांचा. त्या भावाने माझे व्हायला हवेत ३,३७५, नागपूरकराचे २,२५०, सांगलीकराचे ३०० आणि नगरकराचे ७५. समान वाटणीने मी महिन्याला १,८७५ रुपये वाचवतो, सांगलीकराला त्याचा रविवारचा कप १८७ रुपये ५० पैशांना पडतो आणि नगरकर आयुष्यात नको असलेली एकेक कॉफी साडेसातशेला पितो. एवढ्या पैशात पंचतारांकित हॉटेलात वेटरने वाकून दिली असती. इथे बर्म्युडा घातलेला मी देतो.

म्हणून मशीनला कागद आणि पेन बांधू देऊ नका. सगळा घात तिथेच होतो. कप काढला की नावापुढे एक रेघ, महिनाअखेरीस एकूण खर्च भागिले एकूण रेघा, एवढ्यात प्रश्न मिटतो. सहावीतल्या पोराला जमेल असं गणित आहे, तेव्हा ते फ्लॅटमध्ये शिरता कामा नये. कुणी रेघांचं नाव काढलंच, तर दुखावलेल्या आवाजात विचारा, ‘आपण काय खानावळीत राहतो का रे?’ समोरचा ओशाळतो. ओशाळलेला माणूस पंधराशे देतो.

घसारा मात्र लावाच. मशीन अठरा हजारांचं, आयुष्य धरा तीन वर्षं, महिन्याला झाले पाचशे. ते चौघांत वाटा, पण फ्लॅट सोडताना मशीन खोक्यात घालून एकट्याने न्या. खोकं जपून ठेवलंय ना? लोक घसारा भरतात तेव्हा त्यांना वाटतं की आपण मालक होतोय. त्यांचा गैरसमज दूर करणं हे काही तुमचं काम नव्हे. खरं तर मशीन एकाचं, दुरुस्ती वापरणाऱ्यांची, ती पण रेघांच्या प्रमाणात, असं एका ओळीत लिहिता येतं. पण एका ओळीत लिहायचं तर मग बाबा बुदन कशाला आणले?

दुधाचा उल्लेख चिठ्ठीत कुठेही नको. दूध फ्रिजमध्ये असतं, बस्स.

आता वापराचे नियम. इथे मराठी व्याकरण तुमच्या पाठीशी आहे. ‘मशीन स्वच्छ ठेवावे.’ ‘चोथा काढून टाकावा.’ ‘वाफेची नळी पुसावी.’ कर्मणी प्रयोग, कर्ता गाळलेला. वाचणारा प्रत्येक जण मान डोलावतो, कारण कुणी पुसावी हे कुठेच लिहिलेलं नाही. पुण्यातल्या पाट्यांची भिस्त याच प्रयोगावर आहे.

नेमकं लिहायच्या मोहात पडू नका, कारण नेमकं लिहिलं तर पाळावं लागतं, तेही आधी तुम्हाला. उदाहरणार्थ वाफेची नळी. दूध तापवून झालं की त्याच क्षणी ओल्या फडक्याने ती पुसायची आणि दोन सेकंद नुसती वाफ सोडायची. दहा सेकंदांचं काम. नाही केलं तर बाहेरचं दूध वाळून खवल्यासारखं चिकटतं, ते निदान दिसतं तरी. आतलं दिसत नाही. वाफ बंद झाली की नळीत उरलेली वाफ गार होऊन आकसते आणि टोकाला राहिलेलं दूध वर ओढलं जातं. चार दिवसांनी वाफेला आंबूस वास यायला लागतो आणि सगळे जण दुधाच्या पिशवीवरची तारीख बघत बसतात. आमच्याकडे दोन पिशव्या बेसिनमध्ये गेल्यावर कुणीतरी नळी हुंगली.

तीच गत पाण्याची. आमच्या भागात टँकर येतो, त्यात बोअरचं पाणी, आणि बादलीच्या कडेला जो पांढरा थर धरतो तोच मशीनच्या पोटात धरतो. धार बारीक होते, कॉफी कोमट यायला लागते, मशीन पूर्वीपेक्षा जास्त कण्हतं. उपाय किराणा दुकानात मिळतो, लिंबूसत्व. लिटरभर पाण्यात वीसेक ग्रॅम विरघळवून ते हळूहळू मशीनमधून काढायचं, मध्ये पंधरा मिनिटं थांबायचं, मग साध्या पाण्याच्या दोन टाक्या सोडायच्या. आधी मशीनचं माहितीपुस्तक बघायचं, कारण काही मशीनना ते चालत नाही. रविवारचा पाऊण तास जातो. हे काम आळीपाळीने असं चिठ्ठीत लिहिलंत तर पहिली पाळी कुणाची, हा प्रश्न निघेल आणि तीन बोटं तुमच्याकडे वळतील. त्यापेक्षा ‘क्षारांबाबत दक्षता घ्यावी’ हे छान वाटतं. महापालिकेचं वाटतं.

दळण जाड-बारीक करायच्या ग्राइंडरच्या चकतीला कुणी हात लावायचा, हा मात्र तुमच्या अस्मितेचा प्रश्न करा. १८ ग्रॅम घालून साधारण ३६ ग्रॅम कॉफी पंचवीस ते तीस सेकंदांत उतरली की दळण जमलं समजायचं. नागपूरकराने एका रात्री चकती चार खाचा जाड केली. सकाळी माझा शॉट बारा सेकंदांत धो धो उतरला, रंगाने फिका, चवीला आंबट, कैरीचं पन्हं गरम करून प्यायल्यासारखा. मी चकती उलटी फिरवली ती जरा जास्तच, तर पुढचा थेंब थेंब करत पन्नास सेकंद चालला आणि काढ्यासारखा कडू निघाला. छत्तीस ग्रॅम कॉफी बेसिनमध्ये, म्हणजे सांगलीकराचा एक अख्खा शनिवार-रविवार. चकतीवर स्केचपेनने एक ठिपका आणि ‘हलवलीस तर परत ठिपक्यावर आण’ एवढ्याने हे भागलं असतं. पण ठिपक्याला दरारा नसतो. मी दीड पान लिहिलं होतं.

आणि एक नियम खराखुरा लिहा. माझ्यावर विश्वास ठेवा, इथे मी थट्टा करत नाही. मशीनमध्ये चिकोरीची पावडर घालायची नाही. सांगलीकराने घातली होती. पाकिटावर ‘फिल्टर कॉफी’ लिहिलेलं, मशीनला फिल्टर आहे, त्याच्या तर्कात तसूभर खोट नव्हती. पण पाकिटाच्या खालच्या बाजूला बारीक अक्षरात कॉफी ६० टक्के, चिकोरी ४० टक्के असंही होतं. आपल्याकडे चिकोरी ४९ टक्क्यांपर्यंत चालते, फक्त प्रमाण छापावं लागतं. ती भाजलेल्या मुळाची पूड, गरम पाण्यात फुगते आणि चिकट होते. पितळी फिल्टरमध्ये रात्रभर निवांत झिरपायला ती उत्तम. इथे पंप मागून रेटतोय आणि पुढे चिखलाचा बांध.

पंप घरघरला, मग त्याचा आवाज खाली बसला. खाली कपात दोन थेंब. सांगलीकराने वाट पाहिली, मशीन बंद केलं आणि काय अडकलंय ते बघायला जाळीचा दांडा फिरवला. मशीन बंद केलं तरी जाळीतला दाब बंद होत नाही. जिथे दाब सोडायची झडप नसते, तिथे तो कोंडून राहतो. फट्! चोथा टाइल्सवर, ओट्यावर, ट्यूबलाइटवर, आणि समोर लावलेल्या माझ्या दीड पानावर. त्याची बोटं वाचली ती केवळ त्याने हाताला टॉवेल गुंडाळला होता म्हणून. धार थांबली की दोन मिनिटं दांड्याला हात लावायचा नाही, हे मी चिठ्ठीत लिहिलं नव्हतं. ‘मशीन जबाबदारीने हाताळावे’ हे लिहिलं होतं.

चिठ्ठीचा शेवट नेहमी ‘सूचनांचे स्वागत आहे’ असा करायचा आणि खाली अजिबात जागा सोडायची नाही. मी चार बोटं सोडली, तीच चूक झाली. चिकोरीचे डाग वाळल्यावर त्या जागेत निळ्या पेनने नगरकराचं अक्षर उमटलं. आमच्याकडे दूध तोच आणतो, चहासाठी, पहिल्या दिवसापासून.

‘माझे दोन कप, ७५ रु. मान्य. तुमच्या दुधाच्या कॉफ्या ६८, प्रत्येकी १५० मिली, म्हणजे १० लिटर २०० मिली. ६० च्या भावाने ६१२. वजा ७५. मला येणे ५३७. नागपूरकर आणि सांगलीकर यांनी आपसात रेघा मोजाव्यात. कागद मशीनला बांधला आहे.’