लाल दिवा लागला म्हणजे राउटर जळाला, असं नसतं

«नेट गेलं तर घाबरू नका. राउटरवर लाल दिवा आला म्हणजे राउटर हँग झालाय किंवा जळालाय. मागच्या बारीक भोकात पिन घालून ३० सेकंद दाबून धरा, आपोआप सुरू होईल. दिवे लुकलुकत असतील तर बिघाड आहे. मोबाइलवर वाय-फायच्या काड्या भरलेल्या असतील तर नेट चालू आहे. सगळ्यांना पाठवा.»

हा संदेश आमच्या वाड्यावरच्या ग्रुपवर जूनपासून तीनदा आला. पहिला पाऊस पडला, माडाची झावळी तारेवर कोसळली आणि नेट गेलं की तो पुन्हा फिरायला लागतो. त्यातला पिनेचा सल्ला पाळून गोव्यात साखळीला असलेल्या आमच्या घरात चतुर्थीच्या तोंडावर नेट तीन दिवस जास्त बंद राहिलं. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

आधी लाल दिव्याचं बघू. घरात फायबर असेल तर ज्या डबीला ती बारीक, टोकाला हिरवी पिन असलेली वायर जाते, तिच्यावर एल-ओ-एस ही तीन इंग्रजी अक्षरं शोधा. लाल होतो तो बहुधा हाच दिवा. ‘बाहेरून येणारा प्रकाश माझ्यापर्यंत पोचत नाही’ एवढंच तो सांगतो. फायबर म्हणजे काचेचा तंतू. त्यातून वीज जात नाही, डोळ्याला न दिसणारा लेझरचा प्रकाश जातो. तो प्रकाश येत नाही हे डबीला कळतंय, म्हणजे डबी बहुतेक वेळा शाबूत असते आणि दोष तिच्या बाहेर असतो. नवा राउटर विकत आणलात तरी त्यावरही तोच लाल दिवा लागेल.

बाहेर म्हणजे कुठे, तेही घरबसल्या बरंचसं ओळखता येतं. त्याच केबलवाल्याचं कनेक्शन असलेल्या शेजाऱ्याला विचारा: तुमचाही एल-ओ-एस लाल आहे का? दोघांचा लाल असेल तर मुख्य तार तुटली आहे किंवा जिथून प्रकाश सुटतो तिथलं यंत्र बंद आहे. वाटेतल्या खांबावरच्या डबीत प्रकाशाच्या वाटण्या होतात, तिला वीज लागत नाही. पण प्रकाश सोडणाऱ्या यंत्राला लागते, आणि वीज बराच वेळ गेली की त्याची बॅटरी संपते. लाल दिवा फक्त तुमच्याकडे असेल तर खांबावरच्या डबीपासून तुमच्या घरापर्यंतचा तुकडा तपासायचा आहे.

घरातल्यांनी इथे दोनच गोष्टी कराव्यात. हिरवी पिन पूर्ण आत बसली आहे का बघा. आणि तिची वायर कपाटामागे चेपली किंवा खिळ्यावर घट्ट गुंडाळली गेली आहे का, तेही बघा. चहाच्या कपाच्या तोंडाएवढ्या वळणापेक्षा आवळ वळण दिलं की प्रकाश बाहेर गळतो. पिन काढून तिच्या टोकात डोकावू नका आणि पदराने पुसूही नका. लेझर दिसला नाही तरी डोळ्याला अपाय करू शकतो, आणि धुळीचा एक कणही प्रकाश अडवतो.

आता संदेशातल्या, भोकात घालायच्या पिनेबद्दल. आमच्याकडे काय झालं ते क्रमाने सांगतो. ऑगस्टमधली सकाळ, रात्रभर वारा होता, एल-ओ-एस लाल. मी पणजीत होतो. आईने संदेश वाचून सुई घातली आणि ३० सेकंद दाबून धरली. दिवे सगळे विझले, पुन्हा लागले, एल-ओ-एस तसाच लाल. आईला वाटलं, निदान नुकसान तरी झालं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी माणूस आला, झावळीने तोडलेली तार जोडून खांबावरूनच निघून गेला. एल-ओ-एस विझला. त्याच्या शेजारचा पी-ओ-एन दिवा थोडा वेळ लुकलुकून हिरवा स्थिर झाला. नेट मात्र आलं नाही, इंटरनेट लिहिलेला दिवा बंदच. आईने फोनवर सांगितलं, «रे, तार जोडली म्हणतो, पण चालत नाही.» मी दिव्यांचा फोटो मागवला आणि तेव्हा कळलं. पी-ओ-एन स्थिर म्हणजे तार ठीक, समोरच्या, म्हणजे प्रकाश सोडणाऱ्या यंत्राने आपली डबी ओळखली. इंटरनेटचा दिवा बंद म्हणजे डबी स्वतःची ओळख पटवून आत शिरू शकत नाही. आमच्या कनेक्शनचं युजरनेम आणि पासवर्ड डबीतच साठवलेलं होतं. सुईने ते पुसून टाकलं होतं. घरात ते कुठे लिहिलेलं नव्हतं. तक्रार पुन्हा नोंदवली, सुटी मध्ये आली, आणि सेटिंग भरायला माणूस तिसऱ्या दिवशी आला. काही कंपन्या ही सेटिंग दूरवरून भरतात, पण आपली भरते की नाही हे ठाऊक नसताना सुई हातात घेऊ नये.

सुईऐवजी बटणाने बंद करून एक मिनिटाने पुन्हा चालू करा. त्याने काही पुसलं जात नाही. मग पाच मिनिटं हात लावू नका. दिवे ठरलेल्या क्रमाने येतात: पॉवर, मग पी-ओ-एन लुकलुकून स्थिर, मग इंटरनेट. जिथे गाडी अडली तिथे दोष. पॉवरच लागत नसेल तर त्याच सॉकेटमध्ये मोबाइलचा चार्जर लावून बघा. चार्जर चालला तर दोष बहुधा अडॅप्टरमध्ये आहे. नवा आणताना व्होल्ट जुन्याइतकेच हवेत.

लुकलुकण्याचं उत्तर दिव्यागणिक बदलतं. वाय-फाय आणि लॅनचे दिवे लुकलुकतात तेव्हा त्यांतून माहिती ये-जा करत असते, ते चांगलंच. पी-ओ-एन मात्र दहा मिनिटांनीही लुकलुकत असेल तर डबी समोरच्या यंत्राला हाका मारतेय आणि ओळख पटत नाही: प्रकाश फार क्षीण आहे किंवा नोंदणीत घोळ आहे. ते काम केबलवाल्याचंच. लॅन किंवा टेलिफोनचा दिवा बंद असेल आणि तिथे काही जोडलेलंच नसेल, तर तो बंदच असायला हवा.

मोबाइलवरच्या काड्यांवर माझे बाबा अजून भांडतात. त्या काड्या फोन आणि राउटर यांच्यातल्या वाय-फाय सिग्नलचं मोजमाप आहे. राउटरपासून बाहेरची तार खांबावर लोंबत असली तरी हॉलमध्ये काड्या भरलेल्याच दिसतील. उलट, इंटरनेटचा दिवा हिरवा आहे आणि फक्त मागच्या खोलीत चालत नाही, तर केबलवाल्याला बोलावू नका. जुन्या घरांच्या चिऱ्याच्या जाड भिंती वाय-फाय गिळतात. फोन घेऊन राउटरजवळ उभं राहा. तिथे चाललं तर दोष भिंतीचा.

काही घरांत दोन डबे असतात, फायबरचा एक आणि वाय-फायचा वेगळा. तिथे आधी फायबरच्या डब्यावरचे दिवे वाचा. अशा जोडणीत युजरनेम वाय-फायच्या राउटरमध्ये भरलेलं असेल, तर फायबरच्या डब्यावरचा इंटरनेटचा दिवा सगळं सुरळीत असतानाही बंद असू शकतो. म्हणून नेट नीट चालू असताना दोन्ही डब्यांचा एक फोटो काढून ठेवा. आमच्या घरी तो छापून डबीशेजारी चिकटवला आहे. आई आता तक्रार देताना सांगते, «एल-ओ-एस लाल आहे, त्याच्या शेजारचा पी-ओ-एन बंद आहे,» आणि माणूस शिडी घेऊन थेट खांबावर चढतो.