‘सुधारित अहवाल सोबत जोडला आहे’ या मेलला माझा विरोध आहे

‘सुधारित अहवाल सोबत जोडला आहे. कृपया आधीचा मेल ग्राह्य धरू नये. तसदीबद्दल क्षमस्व.’

दूध संघाच्या हिशेब खात्यात नोकरी करत असल्यामुळे असले तीन ओळींचे मेल मला नेहमी येतात. माझं मत विचाराल तर हा मेल न पाठवलेला बरा. काय बदललं, किती बदललं, का बदललं, यातलं काहीच तो सांगत नाही. वाचणाऱ्याने जुनी फाइल आणि नवी फाइल शेजारी उघडून ‘दोन चित्रांतले फरक ओळखा’ खेळत बसायचं. ते कोणी करत नाही. मग जुना आकडा आहे तिथेच राहतो: कुणाच्या डायरीत, कुणाच्या प्रेझेंटेशनमध्ये, संचालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरच्या स्क्रीनशॉटमध्ये.

परवा आमच्याकडे असाच मेल जाता जाता थांबला, म्हणून हे लिहितोय. संघाचं नाव सांगत नाही, जिल्हाही नाही. प्रकरण मात्र समजून घेण्यासारखं आहे.

गावातल्या सोसायटीत दुधाचं माप लिटरने होतं. डेअरीच्या गेटवर टँकर काट्यावर चढतो, तिथे वजन किलोत येतं. एक लिटर दूध साधारण १.०३ किलो भरतं, म्हणून किलोला १.०३ ने भागलं की लिटर निघतात. आमच्या धंद्यातल्या निम्म्या भानगडी या १.०३ च्या आसपासच्या असतात. एक तर भागायचं राहतं, नाहीतर दोनदा भागलं जातं.

सप्टेंबरचा संकलन अहवाल गेला त्यात रोजची सरासरी होती १,००,४०० लिटर. एक लाखाचा टप्पा! वर्षभर सगळे त्याचीच वाट बघत होते. अहवाल सकाळी गेला आणि दुपारपर्यंत अभिनंदनाचे मेसेज फिरायला लागले. तीन-चार दिवसांनी आमच्या एमआयएसमधल्या मुलीला एक गोष्ट खटकली. एका शीतकरण केंद्राची वाहतुकीतली घट तीन टक्क्यांच्या वर दिसत होती. केंद्रातून निघालेलं दूध रोज २०,६०० लिटर आणि डेअरीत पोचलेलं १९,९५० च्या आसपास. रोज साडेसहाशे लिटर दूध वाटेत जातंय कुठे? वाहतूक विभागाने तर टँकरच्या ठेकेदाराला खुलाशाची नोटीस धाडलीसुद्धा होती.

तिने २०,६०० ला १.०३ ने भागून बघितलं. उत्तर आलं बरोब्बर २०,०००. त्या केंद्रावर १ सप्टेंबरपासून नवं सॉफ्टवेअर बसलंय आणि त्याच्या एक्स्पोर्टमध्ये दूध किलोत येतं. आमच्या शीटमध्ये मात्र त्या रकान्याचं शीर्षक जुनंच, ‘लिटर’. किलोचा आकडा लिटरच्या खुर्चीवर जाऊन बसला होता. खरी सरासरी ९९,८०० लिटर. दूध चोरीला गेलं नव्हतं आणि लाखही झाले नव्हते.

(फरक स्वतःच कारण सांगतो, हे जुन्या हिशेबनीसांकडून शिकण्यासारखं आहे. दोन अंक उलटे टाइप झाले, ७२ चे २७ झाले, की फरकाला नेहमी ९ ने भाग जातो. दुधात बरोबर ३ टक्के फरक आला की आधी किलो-लिटर बघायचं, चोर नंतर शोधायचा.)

आता दुरुस्तीचा मेल. तिचा पहिला मसुदा तुम्ही ओळखलाच असेल: ‘सुधारित अहवाल सोबत जोडला आहे.’ तिला दोष देत नाही, सगळे तेच करतात. आमच्या साहेबांचं म्हणणं तर त्याच्याही पुढचं. ‘अहो, लाखात सहाशेचा फरक. अर्धा-पाऊण टक्का. कशाला बोंब मारताय? ऑक्टोबरच्या अहवालात आपोआप नीट होईल.’

आपोआप नीट होत नाही, हीच तर खोच आहे. ऑक्टोबरला बरोबर आकडा आला असता तर सप्टेंबरच्या चुकीच्या आकड्यासमोर संकलन घटल्यासारखं दिसलं असतं. मग मीटिंगमध्ये प्रश्न आला असता की दूध कमी का झालं, खासगीवाल्यांनी दर वाढवला का, सोसायट्या फुटल्या का. न घडलेल्या घटीची कारणं शोधायला दोन सुपरवायझर गावोगाव हिंडले असते. आणि ठेकेदाराची नोटीस? ती पुढच्या महिन्यात कशी दुरुस्त होणार?

शेवटी गेला तो मेल असा होता. तिच्या परवानगीने देतो, फक्त केंद्राचं नाव काढलंय.

‘विषय: दुरुस्ती – सप्टेंबर संकलन अहवाल: रोजची सरासरी ९९,८०० लिटर (आधी कळवलेली १,००,४००)

सप्टेंबरच्या अहवालात रोजची सरासरी १,००,४०० लिटर दिली होती. बरोबर आकडा ९९,८०० लिटर आहे. रोजचा फरक ६०० लिटर, महिन्याचा १८,००० लिटर.

कारण: एका केंद्राच्या नव्या सॉफ्टवेअरमधून १ सप्टेंबरपासून दूध किलोत येत आहे. आपल्या शीटने ते लिटर म्हणून घेतले. बाकी सर्व केंद्रांचे आकडे सोसायट्यांच्या बेरजेशी ताडून पाहिले, ते बरोबर आहेत. ऑगस्ट व त्याआधीच्या अहवालांवर परिणाम नाही.

परिणाम: रोज एक लाख लिटरचा टप्पा सप्टेंबरमध्ये पूर्ण झालेला नाही. संबंधित केंद्राची वाहतूक घट रोज सुमारे ६५० लिटर दाखवली होती, ती प्रत्यक्षात सुमारे ५० लिटर आहे. या घटीवरून ठेकेदाराला दिलेल्या नोटिशीचा वाहतूक विभागाने फेरविचार करावा. त्याच केंद्राचा फॅटचा हिशेबही रोज सुमारे २३ किलोने जास्त लागला होता, तो दुरुस्त केला आहे. उत्पादकांची बिले सोसायटीच्या मापावरून निघतात, त्यामुळे त्यांत बदल नाही.

ज्यांनी हा अहवाल पुढे पाठवला असेल त्यांनी हा मेलही त्याच ठिकाणी पाठवावा. दुरुस्त फाइल सोबत आहे, बदललेल्या चौकटी पिवळ्या केल्या आहेत.’

बस. यात मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे विषयाची ओळ. निम्मे लोक मेल उघडत नाहीत, फोनवर नुसती वरची पट्टी वाचतात. त्यांच्यापर्यंतही खरा आकडा पोचला, आणि जुना कुठला खोडायचा तेही कळलं. मेल जुन्याच मेलला उत्तर म्हणून गेला, त्यामुळे वर्षभराने कोणी तो अहवाल शोधला तरी दुरुस्ती त्याला चिकटूनच सापडेल. विषय बदलला की काही मेलपेट्यांत तो वेगळा पडतो, म्हणून तिने जुना मेल खाली तसाच ठेवला.

कारणाबद्दल आमच्याकडे वाद झाला. साहेबांना ‘टंकलेखनातील चूक’ हवं होतं. सरकारी कागदावर शोभतं ते. पण ते खोटं होतं, टाइप कोणीच काही केलं नव्हतं. आणि ‘मानवी चूक’ म्हटलं की वाचणारा पुढचा प्रश्न विचारू शकत नाही. ‘सॉफ्टवेअर किलो देतं, शीट लिटर समजते’ असं लिहिल्याबरोबर दुसऱ्या एका केंद्राच्या व्यवस्थापकाचा फोन आला: ‘आमच्याकडे तेच सॉफ्टवेअर पुढच्या आठवड्यात बसतंय, काय करू?’ कारण नेमकं लिहिल्याचा हा रोकडा फायदा. कोणाचं नाव घ्यायची गरज पडली नाही, रकान्याचं घेतलं.

मोठ्या पातळीवर हेच कसं होतं त्याचं उदाहरण आपल्या साखरपट्ट्याला चांगलं कळेल. जानेवारी २०१२ ची देशाची औद्योगिक उत्पादनवाढ आधी ६.८ टक्के जाहीर झाली. एप्रिलमध्ये ती एकदम १.१ टक्क्यावर आणली गेली. मुख्य कारण साखर. जानेवारीचं उत्पादन ५८.०९ लाख टन धरायचं, ते धरलं गेलं १३४.०८ लाख टन. त्या अख्ख्या हंगामात देशात साखर झाली सुमारे २६० लाख टन. म्हणजे निम्मा हंगाम एका महिन्यात गाळला! कारखान्याच्या गव्हाणीजवळ उभ्या असलेल्या कोणालाही हा आकडा दाखवला असता तर तो हसला असता. पण निदान ‘साखर, इतक्याऐवजी इतकी’ हे सांगितलं गेलं, म्हणून एवढी मोठी घसरण कुठून आली ते लोकांना कळलं. नुसतं ‘सुधारित आकडेवारी’ म्हटलं असतं तर कारखानदारी महिन्याभरात कशी कोसळली यावर लेख पडले असते.

परिणामाच्या परिच्छेदात लोक सगळ्यात जास्त हात आखडतात. ‘एकूण निष्कर्षांवर विशेष परिणाम नाही’ हे ठरलेलं वाक्य. विशेष म्हणजे किती, आणि कुणाच्या दृष्टीने? आमच्या सहाशे लिटरचा टक्केवारीत परिणाम नगण्य होता. पण त्या आकड्यावर एका माणसाचं बिल अडायची वेळ आली होती. परिणाम लिहायचा म्हणजे त्या आकड्यावरून कोणी काय केलं याचा माग काढायचा. तिने मेल लिहायच्या आधी चार फोन केले: वाहतूक, उत्पादन, बिलिंग आणि अध्यक्षांचे पीए. त्यातल्या बिलिंगच्या फोनमुळे ‘बिलांत बदल नाही’ हे ती ठामपणे लिहू शकली. ते वाक्य नसतं तर सोसायट्यांचे सचिव दुसऱ्या दिवशी दारात उभे असते. आणि पीएंच्या फोनमुळे लाख लिटरचा फलक छापायला जाता जाता थांबला.

आता प्रत्येक बारीक फरकासाठी असा मेल काढायचा का? नाही. त्याच अहवालात एका केंद्राची फॅटची सरासरी ३.७८ ऐवजी ३.७९ हवी होती, राउंडिंगमुळे. त्यावर कोणी काही ठरवलं नव्हतं, दर बदलत नव्हता. ती फाइलमध्ये नीट केली आणि तळटीप टाकली, मेलमध्ये घेतली नाही. घेतली असती तर खरी दुरुस्ती तिच्या गर्दीत हरवली असती. माझ्या मते टक्का बघायचाच नाही. त्या आकड्यावरून कोणी काही केलंय का, किंवा करणार आहे का, एवढंच बघायचं.

साहेब अजून म्हणतात मेल लांब झाला. त्यांना विचारलं यातली कुठली ओळ काढू, तर म्हणाले, ‘ती लाखाची.’