बँकेला अर्ज लिहिताय की रडगाणं?

आज डोकं सणकलंय, म्हणून लांब लिहिते. ज्यांना वेळ नाही त्यांनी खुशाल पुढं सरकावं.

आमच्या बेळगावच्या वडगावात समोरच्या घरात मामा राहतात. घरचे माग आहेत, साड्या विणतात. सुताचे ४८,५०० रुपये इचलकरंजीच्या व्यापाऱ्याला पाठवायचे होते. मोबाईलवरनं एनईएफटी केली आणि खातं क्रमांकाच्या शेवटी ४७९१ च्या जागी ४७१९ पडलं. तसलं खातंच नसतं तर पैसे आपोआप परत आले असते. पण त्याच शाखेत ते खातं कुणाचं तरी निघालं, आणि रक्कम तिथं जाऊन बसली.

मामांनी बँकेजवळच्या टायपिंगवाल्याकडनं अर्ज करून घेतला. दीड पान! 'माझी घोर फसवणूक झाली असून', 'पत्नी आजारी असून', 'लाभार्थीचे नाव जुळत नसताना रक्कम जमा केली, सबब बँक सर्वस्वी जबाबदार', 'ताबडतोब परत न केल्यास कायदेशीर कारवाई'. ज्यावरनं बँक व्यवहार शोधते तो यूटीआर नंबर मात्र अख्ख्या दीड पानात कुठंच नाही. काउंटरवरच्या बाईंनी कागद बघितला आणि परत सरकवला. मामा घरी येऊन म्हणतात, "काय तर बोलली ओ ती, मला काय कळंना बग. तूच नीट करून दे की."

असले अर्ज पैसे घेऊन छापणाऱ्यांना काही वाटतं की नाही? साचा एकच, फक्त नाव बदलायचं.

त्या अर्जातलं सगळ्यात घातक वाक्य कुठलं माहीत आहे? नाव जुळत नसल्याचं. वाचायला जोरदार वाटतं, पण रिझर्व्ह बँकेनं २०१० पासूनच बँकांना मुभा दिली आहे की ऑनलाइन आलेली रक्कम निव्वळ खातं क्रमांक बघून जमा करता येते. नाव आपण काहीही टाकलेलं असो. आता पैसे पाठवण्याआधी समोरच्याचं नाव दाखवायची सोय आलीय, ती बघायची तसदी आपण घेत नाही हा भाग वेगळा. म्हणजे हे वाक्य लिहून मामा बँकेशी भांडण उकरत होते, आणि तेही हरायचं. बँक भांडणाला उत्तर देईल, पैसे कशाला शोधेल?

फसवणूक हा शब्दही काढला. मामांना कुणी फसवलंय? फसवणूक लिहिली की बँक तुम्हाला सायबर पोलिसांकडं आणि १९३० या हेल्पलाइनकडं पाठवणार. तो रस्ता चोरीचा, आपला चुकून गेलेल्या पैशाचा.

म्हणून अर्ज सुधारायच्या आधी मी मामांना एकच विचारलं, "मामा, नंबर तुम्ही स्वतः मोबाईलवर टाकला की शाखेत चलन भरलं?" ते उगाच नव्हतं. चलन भरलं असतं, त्यावर नंबर बरोबर असता आणि क्लार्कनं चुकीचा टाकला असता, तर चूक बँकेची, मग अर्जाचा सूरच वेगळा ठेवला असता आणि चलनाची काउंटरफॉईल जोडली असती. मामा म्हणाले, "मीच टाकलो की." मग तेच लिहायचं. त्यात लाजायचं काय? स्वतः मान्य केलेल्या चुकीवर वाद घालायला बँकेला जागा उरत नाही.

अर्ज इंग्रजीत केला. मॅनेजर बाई धारवाडच्या, पलीकडं इचलकरंजीत कोण बसलंय देव जाणे. कमेंटमध्ये सीमाप्रश्न काढू नका, आधी मामांचे पैसे येऊ देत. इथं मराठीत सांगते. सगळ्यात वर विषय: 'चुकीच्या खात्यात गेलेली एनईएफटी परत मिळण्यासाठी विनंती.' त्याखाली तारीख, रक्कम, यूटीआर, मामांचा खातं क्रमांक. मग दोन ओळी एकाखाली एक: रक्कम जमा झाली ते खातं, आणि जमा व्हायला हवं होतं ते खातं, दोन्ही पूर्ण आयएफएससीसकट. शेवटचे आकडे ठळक. ९१ आणि १९ उलटे पडलेत हे बघणाऱ्याला एका नजरेत कळतं, त्यासाठी परिच्छेद लागत नाही.

पुढं मागणी. मामांना वाटत होतं, बँकेनं तिकडनं पैसे उचलून आणावेत. तसं होत नाही हो. एकदा दुसऱ्याच्या खात्यात जमा झालं की त्याच्या संमतीशिवाय बँक ते काढत नाही, निव्वळ आपल्या अर्जावर तर नाहीच. उद्या कुणीही उठून तुमच्या खात्यातनं पैसे परत मागितले तर चालेल का तुम्हाला? मग मागणी अशी लिहिली: 'लाभार्थीच्या बँकेशी तातडीने संपर्क साधून खातेदाराची संमती घ्यावी व रक्कम माझ्या खात्यात परत करावी, नियमात बसत असल्यास तोवर ती रक्कम रोखून ठेवण्याची विनंती त्या बँकेस करावी, केलेल्या कार्यवाहीची लेखी माहिती द्यावी.' जोडपत्रं म्हणून पैसे गेल्याची नोंद असलेलं स्टेटमेंटचं पान, व्यापाऱ्याच्या बिलावरचा खातं क्रमांक, आणि त्याच व्यापाऱ्याला मागं बरोबर खात्यात पाठवलेल्या पैशाची नोंद. त्या जुन्या नोंदीचा जोर कुठल्याही विनवणीपेक्षा जास्त. अर्ज आपल्याच शाखेत द्यायचा. आयएफएससीवरनं पलीकडची शाखा कळते, तिथं एक प्रत धाडली तर बरंच.

एकाच गोष्टीवर मामा अडून बसले. "तुझ्या मामीचं दुखणं तेवढं राहू दे गं. वाचून जरा कणव येईल त्यास्नी." मी नाही म्हटलं, ते गप्प झाले. आता लिहिताना वाटतंय, त्यांचं अगदीच चूक नव्हतं. फोन करणारा शेवटी माणूसच असतो, आणि पलीकडचा ४७१९ वालाही. पण अर्जात ते वाक्य यूटीआरच्या आधी येत होतं, आणि वरचं वाचूनच कागद बाजूला पडतो. मामीचं दुखणं मॅनेजर बाईंना तोंडी सांगा म्हटलं. सांगितलं त्यांनी, आणि बाईंनी इचलकरंजीला फोनही लावला. टायपिंगवाल्याला हे जन्मात जमलं नसतं.

बँकही काही धुतल्या तांदळाची नाही. पोच द्यायला कां-कूं चाललीच होती. मामांना सांगून पाठवलं होतं, शिक्का आणि तारीख असलेली प्रत हातात पडल्याशिवाय उठायचं नाही. ३० दिवसांत उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं cms.rbi.org.in वर फुकटात तक्रार करता येते, आणि ते दिवस त्या शिक्क्यापासनंच मोजायचे. लोकपाल बँकेनं हयगय केली का तेवढंच बघणार, ४७१९ वाल्याच्या खिशात हात घालणार नाही.

आणि तो नाहीच म्हणाला तर? बँक त्याचं नाव-पत्ता आपल्याला देणार नाही, कितीही आदळआपट केली तरी. मग वकील. १८७२ च्या करार कायद्याचं कलम ७२ सरळ सांगतं की चुकून मिळालेले पैसे परत केलेच पाहिजेत. हे अर्जात घालू का, असं मामांच्या भाच्यानं विचारलं. नको रे बाबा. पहिल्याच पत्रात कलम दिसलं की शाखेतला माणूस ते कायदा विभागाकडं ढकलून मोकळा होतो. ते नकार आल्यावरच्या नोटिशीत.

सध्या इचलकरंजीच्या शाखेनं खातेदाराला कळवलंय, त्याचं उत्तर यायचंय. सूतवाला थांबायला तयार आहे, जुना माणूस. टायपिंगवाल्यानं मात्र मामांचे पैसे परत दिले नाहीत, उद्या मीच जाऊन बघते त्याच्याकडं.